आजी पाच टक्के बारीक झाल्या : एडिट टूलमध्ये फोटो टाकण्याआधी साइज आणि रेशो का ठरवायचा

हे प्रकरण सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातल्या फोटो स्टुडिओचं आहे, ओळख पटेल असे तपशील बदललेत पण आकडे आणि घटनांचा क्रम तसाच ठेवलाय. मी रिटचिंगचं काम करते आणि या स्टुडिओवाल्या दादांनी मला तिसरा प्रयत्न फसल्यावर फोन केला, म्हणजे आधीचं सगळं मला त्यांच्याकडच्या फाइल्स बघून आणि तिथे एडिटिंग करणाऱ्या मुलाशी बोलून कळलं.

## पार्श्वभूमी

एका घरातल्या आजींचं वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. नातवाने त्यांचा एकच पूर्ण उभा असलेला फोटो आणून दिला, नव्वदच्या दशकातली साडेतीन बाय पाच इंचाची कलर प्रिंट. आजी नऊवारीत उभ्या आहेत, खाली सतरंजी, आणि उजवा हात बाजूच्या लाकडी खुर्चीच्या पाठीवर टेकवलेला, म्हणजे फोटोत बघताना तो हात डाव्या कडेला येतो, जवळजवळ कडेला चिकटूनच. मागच्या भिंतीवर ओलीचे डाग आणि प्रिंटवर बुरशीचे ठिपके, काही ठिपके साडीवर पण आलेले.

घरच्यांचं म्हणणं साधं होतं, भिंत साफ करून मागे एकच शांत रंग द्या, डाग काढा, आणि बारा बाय अठराची फ्रेम करून द्या. फ्रेम नातवाने आधीच विकत घेऊन ठेवली होती, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

स्टुडिओत स्कॅन ६०० डीपीआयला केला, फाइल आली २१०० बाय ३००० पिक्सेल. एडिटिंगसाठी त्यांनी FLUX.1 Kontext हे मॉडेल वापरलं, ज्याला फोटो द्यायचा आणि काय बदलायचं ते वाक्यात लिहायचं. हाताने भिंत आणि साडी साफ करायला दोन दिवस गेले असते, इथे मिनिटात होतं, म्हणून हा मार्ग निवडला आणि त्यात मला काही चूक वाटत नाही.

## अडचण

पहिला प्रयत्न पायथन स्क्रिप्टमधून झाला, diffusers लायब्ररीची तयार पाइपलाइन वापरून. त्यात आउटपुटची रुंदी आणि उंची दिलेली नव्हती. असं सोडलं की ती पाइपलाइन १०२४ बाय १०२४ चा चौकोन धरते, तुमचा फोटो उभा आहे की आडवा ते बघून आउटपुटचा आकार बदलत नाही. उभ्या माणसाला चौकोनात बसवायचं म्हटल्यावर मॉडेलने आपल्या मनाने फोटो परत रचला, आजी गुडघ्यापर्यंतच आल्या, दोन्ही बाजूंना मोकळी भिंत, सतरंजी आणि पाय गायब. इथे चूक डोळ्याला लगेच दिसते त्यामुळे हा फोटो बाहेर गेलाच नाही.

दुसऱ्यांदा मुलाने स्क्रिप्टमध्ये ८३२ बाय १२४८ असा साइज लिहिला. बारा बाय अठराचा रेशो दोनास तीन आणि ८३२ बाय १२४८ चा पण बरोब्बर दोनास तीन, म्हणजे हिशोब विचार करूनच केला होता त्याने. फोटो सुंदर आला. भिंत स्वच्छ, साडीवरचे ठिपके गेले, पाय आहेत, हात आहे. दादांनी तो नातवाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आणि संध्याकाळी त्याच्या आईचा फोन आला, "अहो दादा, फोटो छान केलाय हो, पण या आमच्या सासूबाई वाटतच नाहीत, त्यांच्या धाकट्या बहिणीसारख्या दिसतात."

दादांना वाटलं की मॉडेलने चेहरा बदलला असेल. मुलाने चेहरा मोठा करून बघितला, डोळे तेच, नाक तेच, कुंकू जागेवर, सुरकुत्या पण बऱ्यापैकी तशाच. काय बदललंय ते सापडेना.

म्हणून तिसऱ्यांदा ComfyUI मध्ये केलं, म्हणजे नोड एकमेकांना जोडून मॉडेल चालवायच्या प्रोग्रॅममध्ये, तिथला नेहमीचा फ्लो ज्यात फोटो FluxKontextImageScale या नोडमधून आत जातो. यावेळी आजी आजींसारख्या दिसल्या, पण खुर्चीवरच्या हाताची बोटं टोकाशी कापली गेली होती आणि मॉडेलने तिथे काहीतरी गोल, मुठीसारखं काढलं होतं. आईंनी ते पण ओळखलं, त्यांनी सांगितलं की सासूबाईंची बोटं लांब होती. एकाच मॉडेलने एकदा माणूस दाबला आणि एकदा कापला, आणि स्टुडिओत चर्चा सुरू झाली की मॉडेलच बेभरवशाचं आहे, सोडून देऊ.

## मोजल्यावर काय दिसलं

मी तिन्ही फाइल्स आणि मूळ स्कॅन मागवला आणि आधी चेहरा बघितलाच नाही, फक्त मोजलं. मूळ स्कॅनमध्ये डोक्याच्या टोकापासून पायापर्यंत २६८० पिक्सेल आणि खांद्याची रुंदी ६२०. रुंदी भागिले उंची केलं तर ०.२३१ येतं. दुसऱ्या प्रयत्नाच्या फाइलमध्ये उंची १११५ आणि खांदे २४६, तिथे भागाकार ०.२२१. म्हणजे आजी जवळपास पाच टक्के बारीक झाल्या होत्या, डोक्यापासून पायापर्यंत सगळ्याच सारख्या प्रमाणात. सगळंच सारखं दबल्यामुळे नाक, डोळे एकेकटे बघितले की बरोबर वाटतात, पण ज्या माणसाने तो चेहरा वीस वर्षं रोज बघितलाय त्याला गोल चेहरा लांबट झालेला लगेच खटकतो. म्हणूनच बहिणीसारख्या दिसतात हे वाक्य मला फार नेमकं वाटलं, घरचे जेव्हा असं म्हणतात तेव्हा आधी पट्टी घ्यावी, मग चेहऱ्याकडे जावं.

आता हे झालं कसं. Kontext साधारण एक मेगापिक्सेलच्या आसपास काम करतं आणि त्याच्यासाठी १७ ठरलेले साइज आहेत, ६७२ बाय १५६८ पासून १०२४ बाय १०२४ वरून जात १५६८ बाय ६७२ पर्यंत. तुम्ही आत टाकलेला फोटो कुठल्याही रेशोचा असो, तो आधी यातल्या सगळ्यात जवळच्या रेशोच्या साइजला आणला जातो. आजींच्या स्कॅनचा रेशो २१०० भागिले ३०००, म्हणजे ०.७. यादीत त्याच्या एका बाजूला ८३२ बाय १२४८ आहे, ०.६६७, आणि दुसऱ्या बाजूला ८८० बाय ११८४, ०.७४३. दोन्ही थोडे लांबच, पण ०.६६७ जास्त जवळ, म्हणून तोच निवडला जातो.

इथपर्यंत स्क्रिप्ट आणि ComfyUI दोन्ही सारखंच वागतात. फरक पुढच्या एका पावलाचा आहे. diffusers ची पाइपलाइन आख्खा फोटो त्या साइजला ओढून बसवते, काहीच कापत नाही, त्यामुळे ०.७ चा फोटो ०.६६७ मध्ये जाताना रुंदी पाच टक्के दबते. ComfyUI चा तो नोड माणूस दाबत नाही, तो मधोमध धरून कडा कापतो. आपल्या फोटोत ३००० उंचीला दोनास तीन रेशोने २००० च रुंदी लागते, म्हणजे १०० पिक्सेल जास्तीचे, डावीकडचे ५० आणि उजवीकडचे ५० गेले. आजींच्या बोटांची टोकं डाव्या कडेपासून फक्त १२ पिक्सेलवर होती. त्या फोटोत आजींच्या अंगाचा एक सेंटीमीटर म्हणजे साधारण १८ पिक्सेल, तर दोनेक सेंटीमीटर बोटं मॉडेलला दिसलीच नाहीत. त्याने जे काढलं ते कापलेल्या हाताचा अंदाज होता.

दोन्ही पद्धती आपापल्या जागी ठीक आहेत आणि आवृत्ती बदलली तर वागणूक पण बदलू शकते, म्हणून पाठ करायची गोष्ट ही नाही की कोण कापतं आणि कोण ओढतं. फोटोचा रेशो आणि मॉडेलचा रेशो जुळत नसेल तर फरक कुठेतरी जिरवावाच लागतो, तुम्ही नाही ठरवलं तर टूल ठरवतं, आणि टूलला खुर्चीवरचा हात माहीत नसतो.

## समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय दादांनीच सुचवला, आपणच हाताने दोनास तीनला क्रॉप करू, फक्त मधोमध न कापता उजवीकडून १०० पिक्सेल काढू, डावीकडचा हात वाचेल. हे चाललं असतं, उजवीकडे भिंतच होती. मी थांबवलं ते फ्रेममुळे. फ्रेमची पट्टी आतल्या बाजूने प्रत्येक कडेला पाच-सहा मिलिमीटर फोटो झाकते. बारा इंचात २००० पिक्सेल म्हणजे इंचाला १६७, सहा मिलिमीटर म्हणजे ४० पिक्सेलच्या आसपास, आणि हात कडेपासून १२ वर. म्हणजे एडिटमध्ये वाचवलेली बोटं काचेमागे लाकडाखाली गेली असती. हा मुद्दा आधीच्या तिन्ही प्रयत्नांत कोणाच्या डोक्यात आला नव्हता कारण सगळे स्क्रीनकडे बघत होते.

दुसरा पर्याय मुलाचा होता आणि तो हुशार होता. तो म्हणाला, "ताई, दाबून आत गेलाय ना, मग बाहेर आल्यावर परत २१०० बाय ३००० ला ओढू, आजी जागेवर येतील." गणित खरं आहे, येतील. पण मॉडेलने आत दबलेल्या फोटोत जे नवीन काढलंय, म्हणजे साडीचा साफ केलेला भाग, खुर्चीची कड, ते त्याने दबलेल्या फोटोच्या हिशोबाने सरळ आणि प्रमाणात काढलेलं असतं, ते उलट ओढलं की रुंद होतं. पाच टक्क्यांना हे खपूनही जाईल. पंधरा-वीस टक्क्यांना नाही, शिवाय तेवढा दबलेला चेहरा दिसला तर मॉडेल तो स्वतःच थोडा सरळ करून टाकतं आणि मग उलट ओढल्यावर माणूस जाडा होतो. आणि हे सगळं करून शेवटी ०.७ च्या फोटोसाठी दोनास तीनची फ्रेम आहेच, तो प्रश्न तिथेच.

तिसरा, कडा वाढवणं, म्हणजे पॅडिंग. इथे पण दोन रस्ते होते. अगदी कमीत कमी वाढवायचं तर रुंदी २१०० तशीच ठेवून उंची ३१५० करायची, वरखाली मिळून फक्त १५० पिक्सेल जोडायचे. माणूस मोठा राहतो, चेहऱ्याला जास्त पिक्सेल मिळतात. पण हात कडेलाच राहतो आणि फ्रेमची अडचण सुटत नाही. दुसरा रस्ता म्हणजे बाजूंनी पण जागा द्यायची, दोन्हीकडे १५०, म्हणजे रुंदी २४००, मग दोनास तीनसाठी उंची ३६००. हात कडेपासून १६२ पिक्सेलवर येतो, प्रिंटमध्ये साधारण दोन सेंटीमीटर. किंमत ही की आजी फ्रेममध्ये लहान होतात, मॉडेलच्या ८३२ बाय १२४८ मध्ये त्यांची उंची ९२९ पिक्सेल उरते आणि चेहरा तर सव्वाशे-दीडशे पिक्सेलचा, आणि इतका लहान चेहरा मॉडेल नीट जपत नाही, पापण्या आणि ओठांची रेष बदलते.

खरा निर्णय इथेच होता. जागा जास्त दिली तर चेहऱ्याची खात्री कमी होते, चेहरा मोठा ठेवला तर हात जातो. मी मोठ्या कॅनव्हासच्या बाजूने गेले कारण चेहरा मूळ स्कॅनमधून परत लावता येतो, तो आपल्याकडे चांगला आहे. कापलेला हात मात्र फ्रेममध्ये गेल्यावर कोणी परत आणू शकत नाही.

आणखी एक शक्यता होती, ८८० बाय ११८४ चा साइज धरून फक्त रुंदीत १३० पिक्सेल वाढवायचे आणि फ्रेम बारा बाय सोळाची घ्यायची, तिचा रेशो ०.७५ म्हणजे बराच जवळ. आजी मोठ्या दिसल्या असत्या आणि मला हेच जास्त आवडलं असतं. पण फ्रेम घेऊन झाली होती, तिच्यावर नक्षी निवडून, आणि वर्षश्राद्धाला चार दिवस राहिलेले, तेव्हा तो विषय काढला नाही.

## काय केलं

कॅनव्हास २४०० बाय ३६०० चा केला. वर ३५० आणि खाली २५० जोडले, डोक्यावर थोडी जास्त हवा असावी म्हणून, बाजूंना १५०-१५०. मग सगळं एकत्र ८३२ बाय १२४८ ला लहान केलं. दोन्ही बाजूंचा भागाकार २.८८५ च येतो, त्यामुळे ओढाताण शून्य.

```python
from PIL import Image, ImageOps
im = ImageOps.exif_transpose(Image.open("aaji.png")).convert("RGB")
c = Image.new("RGB", (2400, 3600), (178, 170, 158))
c.paste(im, (150, 350))
c.save("aaji_2400x3600.png")
c.resize((832, 1248), Image.LANCZOS).save("aaji_832x1248.png")
```

पॅडिंगचा रंग काय असावा यावर थोडा वेळ गेला. मुलाने आधी पांढरा ठेवून बघितला तर मॉडेलने ती जुन्या प्रिंटची पांढरी बॉर्डर समजून तशीच ठेवली, भिंतीचा रंग आतल्या आतच बदलला. मग भिंतीच्या साफ भागातून रंग उचलला, वरच्या कोडमध्ये तोच आहे. खालच्या पट्टीला तो रंग चालत नाही कारण तिथे सतरंजी हवी, म्हणून खालचे २५० पिक्सेल फोटोशॉपमध्ये क्लोन स्टॅम्पने सतरंजीचेच पट्टे ओढून ढोबळ भरले आणि त्या सुधारलेल्या मोठ्या फाइलवरून लहान फाइल परत केली. ढोबळ चालतं, मॉडेलला फक्त कळायला हवं की जमीन इथून पुढे चालू आहे.

ComfyUI मध्ये तीच ८३२ बाय १२४८ ची फाइल टाकली. FluxKontextImageScale काढायची गरज पडली नाही, कारण रेशो आणि साइज आधीच यादीतला असल्यामुळे त्याला कापायला काही उरतच नाही. आउटपुटचा लेटंट, म्हणजे मॉडेलच्या आतलं चित्राचं रूप ज्याच्यावरून बाहेरचा साइज ठरतो, तो पण त्याच फोटोच्या VAE Encode नोडमधून घेतला, वेगळा रिकामा लेटंट जोडला नाही, म्हणजे आत आणि बाहेर साइज एकच. इथे चुकून १०२४ चा रिकामा लेटंट राहिला असता तर पहिल्या प्रयत्नासारखाच गुडघ्यापर्यंतचा फोटो परत आला असता, इनपुट कितीही नीट केला तरी.

प्रॉम्प्ट असा होता:

```
Replace the stained wall with a plain warm grey backdrop, remove
the stains from the sari. Keep the woman in the exact same
position, scale and pose. Keep the framing unchanged.
```

जागा, माप आणि पोझ तीच ठेव हे लिहिल्याचा उपयोग होतो, मी नेहमी लिहिते. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रयत्नात पण असंच वाक्य होतं आणि तरी आजी दबल्या आणि कापल्या गेल्या, कारण ते मॉडेलपर्यंत पोचायच्या आधीच झालेलं होतं. मॉडेलने दबलेल्या आजींना इमानदारीत दबलेलंच जपलं.

बाहेर आलेली फाइल आधी मोजली. उंची ९२९, खांदे २१५, भागाकार ०.२३१. मग ती २४०० बाय ३६०० ला मोठी केली आणि तिच्यावर पॅडिंग केलेला मूळ फोटो दुसऱ्या लेअरवर ठेवून ब्लेंड मोड Difference केला. जिथे दोन्ही जुळतात तिथे काळं दिसतं. चेहरा आणि साडीच्या कडा बऱ्यापैकी काळ्या, पण खांद्याच्या एका बाजूला बारीक उजळ रेष होती, सरकवून बघितलं तर दोन-तीन पिक्सेलचा फरक. एवढा सरकणं या मॉडेलमध्ये होतं, लेअर तेवढी हलवली की जुळलं. ही जी तपासणी आहे ती फक्त तेव्हाच करता येते जेव्हा दोन्ही फाइल्समध्ये एकच सरळ गुणाकार असतो. क्रॉप झालेल्या किंवा दबलेल्या फाइलवर मूळ फोटो बसवायला गेलं की डोळे जुळवले तर हनुवटी जुळत नाही आणि माणूस तासभर ट्रान्सफॉर्मच्या कोपऱ्यांशी खेळत बसतो, मुलाने दुसऱ्या प्रयत्नानंतर तेच केलेलं होतं.

मग मास्क लावून चेहरा, दोन्ही हात आणि पाय मूळ स्कॅनमधून आणले, भिंत, सतरंजी आणि साडी एडिटमधली ठेवली. चेहऱ्यावर बुरशीचे तीन-चार ठिपके होते, ते हाताने हीलिंग ब्रशने काढले. मास्कची कड पदराच्या काठावरून नेली, गालावरून नाही, कारण एडिटचा पोत थोडा गुळगुळीत असतो आणि स्कॅनचा दाणेदार, सपाट त्वचेवर जोड लगेच दिसतो. शेवटी एडिटच्या भागावर थोडा ग्रेन टाकला.

## निकाल

प्रिंट बारा बाय अठरा इंचाला २०० पिक्सेल इंची गेली. एवढ्या जुन्या प्रिंटच्या स्कॅनमध्ये मुळातच त्यापेक्षा जास्त तपशील नव्हता, भिंतीवर लावून बघायच्या अंतरावरून पुरेसं आहे. फ्रेममध्ये बसवल्यावर हात पूर्ण दिसतो, पट्टीपासून दीड सेंटीमीटर आत. आईंनी फोटो बघून दादांना एवढंच म्हटलं की आता सासूबाई आहेत, आणि लगेच हार कुठल्या खिळ्याला लावायचा ते विचारायला लागल्या.

आजी फ्रेममध्ये जरा लहान वाटतात हे नातवाने सांगितलं, आणि ते खरं आहे. मूळ प्रिंटमध्ये त्या फोटोच्या उंचीच्या नव्वद टक्के भागात होत्या, आता पंचाहत्तरच्या आसपास. बाजूंना १५० ऐवजी १०० दिले असते तर थोडा फायदा झाला असता, हात तरीही पट्टीच्या बाहेर राहिला असता. मी सावधपणे जास्त जागा दिली, दुसरा कोणी कमी देईल, इथे एकच उत्तर नाही.

## कुठे वेगळं करता आलं असतं

काउंटरवर फोटो घेतानाच फ्रेमचा साइज विचारून फोटोचा रेशो मोजायला हवा होता. बारा बाय अठरा ऐकल्यावर ०.७ चा फोटो ०.६६७ मध्ये जाणार हे कागदावर दिसतं, आणि हात कडेला आहे हे पण डोळ्यासमोर असतं. फ्रेम घेतलेली नसती तर बारा बाय सोळा सुचवता आली असती. दादांनी आता पावतीवर फ्रेमच्या साइजचा रकाना छापून घेतलाय.

दुसरं, दुसऱ्या प्रयत्नाची फाइल ग्राहकाला पाठवण्याआधी मोजायला एक मिनिट लागलं असतं. कोणतेही दोन ठळक अंतर घ्यायचे, एक उभं आणि एक आडवं, दोन्ही फाइल्समध्ये, आणि भागाकार बघायचा. कुंकू गोल आहे का असं बघून चालत नाही, एवढ्या लहान गोष्टीत पाच टक्के म्हणजे एखादाच पिक्सेल असतो, मोठी अंतरंच घ्यावी लागतात. दोन टक्क्यांपर्यंतचा फरक मी मोजणीतली चूक समजून सोडते, तीनच्या वर गेला की परत मागे जाते.

तिसरं स्कॅनचं. प्रिंटच्या कडेला स्कॅनरच्या सॉफ्टवेअरने आपोआप क्रॉप केलेलं होतं. मूळ प्रिंट मागवून बघितली तर डावीकडे अजून एक मिलिमीटर फोटो होता, खुर्चीची कड त्यात पूर्ण दिसते. तेवढं आलं असतं तर खुर्चीची कड मॉडेलला अंदाजाने काढावी लागली नसती. आता ते ऑटो क्रॉप बंद ठेवून प्रिंटच्या बाहेरची काळी पट्टी पण स्कॅनमध्ये येऊ देतात आणि नंतर हाताने कापतात.

फोनवरून आलेल्या फोटोंना हीच पद्धत लावताना त्या मुलाला एक वेगळी गोष्ट भेटली. फोनचा साधा उभा फोटो ०.७५ चा असतो, यादीतल्या ८८० बाय ११८४ च्या इतका जवळ की फरक एक टक्क्याच्या आत, तिथे पॅडिंग नाही केलं तरी चालतं. पण फुल स्क्रीन मोडमध्ये काढलेला उंच फोटो, किंवा ग्रुप फोटो रुंद पॅनोरामात काढलेला असेल, तर परत मोजावं लागतं. पॅनोरामा साधारण अडीचास एकच्या पुढे गेला की यादीतला सगळ्यात रुंद साइज, १५६८ बाय ६७२, पण कमी पडतो आणि मधोमध क्रॉप झाला तर दोन्ही टोकांना उभे असलेले लोक जातात. तिथे वरखाली पट्ट्या जोडून उंची वाढवणं हाच सरळ मार्ग आहे.

२४०० बाय ३६०० ची लेअरवाली फाइल स्टुडिओने जपून ठेवली आणि नावातच पॅडिंगचे आकडे लिहिले, डावीकडून १५०, वरून ३५०. महिन्याभराने आजींच्या लेकीने पुण्याहून आठ बाय दहाची प्रत मागितली. त्या रेशोला रुंदी २४०० तशीच ठेवून उंचीतून ६०० काढावे लागतात. मुलाने वरून ३८० आणि खालून २२० काढले, डोक्यावर आणि पायाखाली दोन्हीकडे अर्धा इंच जागा उरली, आणि यावेळी मॉडेल चालू करायची गरज पडली नाही.